मागच्या खोलीतला उजेड

घरात धाकटीला कसलीही कमी नव्हती. नव्हतं ते फक्त एक दार.

पोटातल्या बाळाची वार खाली आहे, जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही, उगाच धावपळ करायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि नवरा-बायकोचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्टशिवाय. म्हणून धाकटी सासूबाईंच्या तळमजल्यावरच्या घरी येऊन राहिली. हॉलमधल्या दिवाणावर तिची गादी पडली. त्या दिवाणावरून बाहेरचं दार दिसायचं, स्वयंपाकघर दिसायचं, बाथरूमची कडीसुद्धा दिसायची. आणि या सगळ्या ठिकाणांहून धाकटी दिसायची. कोण आलं, कोण गेलं, दूधवाला, शेजारीण, गॅसवाला, सगळ्यांनी आधी तिच्या पोटाकडे बघायचं आणि मग कामाचं बोलायचं, असा तिथला शिरस्ताच पडून गेला होता.

सासूबाई वाईट होत्या असं कोणी म्हणेल तर ते खोटं. त्या तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होत्या. तिनं कूस बदलली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "काय गं, दुखतंय का?" ती खोकली की कोमट पाणी हजर. ती रडली असती तर अर्ध्या तासात डॉक्टरीणबाईंच्या दारात रिक्षा उभी राहिली असती, म्हणून ती रडतही नव्हती. भांडायचं तरी कोणाशी? छळणाऱ्या सासूशी भांडता येतं. पाय चेपून देणाऱ्या सासूशी काय भांडणार.

मागच्या बाजूला एक खोली होती. थोरल्या मुलाची. तो बायको-पोरांसह फार लांब, दुसऱ्या देशात नोकरीला होता, दर वर्षी येतो म्हणायचा आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. सासूबाईंनी त्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि महिन्यातून एकदा उघडून त्या आतली धूळ झटकत. धाकटीनं आल्या आल्या विचारलं होतं, "आई, मी मागच्या खोलीत झोपू का?" सासूबाई म्हणाल्या, "एकटी पडशील तिथं. इथं कशी डोळ्यांसमोर राहतेस." नवऱ्यानं तेव्हा मान खाली घालून मोबाइल चार्जिंगला लावला. तो सज्जन माणूस होता. आईसमोर त्याची मान नेहमी चार्जरच्या दिशेनंच जायची.

पुन्हा विचारायचं धाकटीच्या जिवावर आलं. पण बाळ झाल्यावरही काही महिने इथंच राहायचं, हे तिच्यादेखत आणि तिला न विचारता ठरलं, तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. बाळाला पाजायला बसेन तेव्हा मध्ये एक दार हवं. तेवढं मिळालं तर सगळं निभेल. नाही मिळालं तर आपण एक दिवस सगळ्यांसमोर मोठ्यानं ओरडू, याची तिला मनापासून भीती वाटत होती.

अशात नणंदेनं फोटोंचं काढलं.

नणंद कपड्यांच्या दुकानात मॅनेजर होती आणि घरालाही शोरूमच समजायची. तिच्या मोबाइलमध्ये पोटुश्या बायकांचे शेकड्यांनी फोटो होते: मागे लांबलचक जाळीचा झगा सुटलाय, डोक्यावर फुलांचा मुकुट, पोटावर इवलेसे बूट ठेवलेत, आजूबाजूला कागदी फुलपाखरं. "वहिनी, आठवा लागलाय. नंतर तुला दम लागेल, आत्ताच काढायला हवेत. स्टुडिओत नेता येणार नाही, तर स्टुडिओ घरी आणू." धाकटीला त्या झग्याकडे बघूनच खाज सुटली. पण ती हो म्हणाली, कारण नाही म्हटलं की 'का' आलं, आणि का म्हटलं की सगळं घर दिवाणाभोवती गोळा झालं असतं. डॉक्टरीणबाईंनीही फोनवर परवानगी दिली. बसून, कुशीवर झोपून काढा; पाठीवर उताणं जास्त वेळ नको, फार वेळ उभं नको, आणि दमली की थांबायचं.

फोटोवाली आधी एकदा नुसतं घर बघायला आली. चाळिशी उलटलेली, दुखऱ्या गुडघ्याची बाई, केस वर बांधलेले, बरोबर कॅमेराही नाही. दारातून आत आल्या आल्या ती म्हणाली, "सगळ्या ट्यूब बंद करा."

"दिवसा अंधार होईल की," सासूबाई म्हणाल्या.

"होऊ द्या, काकू. ट्यूबचा उजेड निळसर, खिडकीचा वेगळा. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा आजारी दिसतो."

ट्यूब बंद झाल्या. फोटोवालीनं स्वतःचा हात दिवाणापाशी, हॉलच्या खिडकीसमोर धरला आणि तो इकडून तिकडे फिरवत बघत राहिली. नणंदेला वाटलं बाई हस्तरेषा बघते की काय. पण ती हातावरची सावली बघत होती. हातावर जशी पडते तशीच चेहऱ्यावर पडणार. त्या वेळी खिडकीतून थेट ऊन येत होतं आणि ग्रिलच्या उभ्या गजांच्या सावल्या दिवाणावर, धाकटीच्या पोटावर आडव्या पडल्या होत्या.

"पडदा लावला तर?" नणंद म्हणाली.

"पातळ पांढरा लावला तर ऊन मऊ होईल. पण दुपारी इथं काय होतं?"

हा प्रश्न तिनं कोणाला विचारला ते कळलं नाही. उत्तर मात्र दिवाणावरून आलं.

"जेवणाच्या सुमारास ऊन सरकतं," धाकटी म्हणाली. "मग समोरच्यांच्या हिरव्या शेडवरून उजेड आत येतो. सगळ्यांची तोंडं हिरवट दिसतात. चार वाजल्यावर मोटारींच्या काचांवरून येतो, तो डोळ्यात जातो. आईंच्या खोलीची खिडकी कपाटानं अर्धी झाकलीय." एवढं एका दमात ती कित्येक आठवड्यांत बोलली नव्हती. दिवसभर पडून राहणाऱ्या माणसाला उजेडाशिवाय दुसरं बघायला काय असतं?

फोटोवाली तिच्याकडे वळली. "आणि मागं?"

"मागच्या खोलीत ऊन येतच नाही. कुलूप उघडतात तेव्हा पाहिलंय. खिडकी मोठी आहे, बाहेर मोकळं मैदान. पण दिवसभर उजेड सारखा असतो."

"मग तीच खोली."

सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तिथं थोरल्याचं सामान आहे. अडगळ आहे नुसती."

इथं नणंदेनं नकळत उपकार केला. "अगं आई, फोटो दादालाही पाठवायचेत ना? त्याला त्याची खोली दिसेल. तू कशी ठेवलीस ते दिसेल." हे ऐकताच सासूबाईंच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. खोली दिसेल, नीट ठेवलेली दिसेल, म्हणजे परत यायची इच्छा होईल, असं सरळ गणित त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. धाकटीला त्यांची दया आली आणि त्याच वेळी मनातून राग आला. तिनं विचारलं तर एकटी पडणार होती; फोटोला मात्र खोली उघडत होती.

पुढचे काही दिवस सासूबाईंनी त्या खोलीवर इतकी मेहनत घेतली की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. थोरल्याच्या पेट्या एका भिंतीला लावल्या. खुंटीवरचा त्याचा जुना स्वेटर घडी करून ठेवला. गादीला ऊन दाखवलं, पांढरी चादर घातली, खिडकीला विरविरीत पांढरा पडदा लावला. फोटोवालीनं फोनवर सांगितलं तसं नवऱ्यानं पलंग भिंतीपासून सोडवून खिडकीच्या कडेला आणला, म्हणजे उजेड समोरून न येता एका बाजूनं पडेल आणि पोटाची गोलाई दिसेल. समोरून पडला की सगळं सपाट दिसतं. दोन मऊ उशा, एक लोड, पाय टेकायला बुटका स्टूल, हाताशी पाण्याची बाटली. आपण धाकटीसाठी खोली तयार करतोय, हे त्या घरात एकालाही सुचलं नाही. धाकटीला सुचलं. ती दिवाणावरून रोज उघड्या दारातून तो पलंग बघत होती, आणि तिचा जीव त्या चादरीत अडकला होता.

कपड्यांवरून आदल्या दिवशी वाद झाला. नणंदेनं दुकानातून आणलेला जाळीचा झगा पोटावरून उतरला, पण काखेत अडकला, आणि चेन अर्ध्यात रुसून बसली. "श्वास कमी घे," नणंद म्हणाली.

"आम्ही दोघं घेतोय," धाकटी म्हणाली, आणि झगा बाजूला पडला.

शेवटी दोनच कपडे ठरले. एक विटकरी रंगाचा, ताणला जाणारा, बिनफुलांचा साधा लांब ड्रेस; दुसरा नवऱ्याचा मऊ पडलेला आकाशी शर्ट, आत पांढरा बनियन, खालची बटणं उघडी. फोटोवालीनं निरोप धाडला होता: मोठी नक्षी नको, डोळा पोटाऐवजी फुलांवर जातो; आणि सकाळपासून सैल कपड्यांत राहा, इलास्टिकचे वळ कातडीवर उमटले तर लवकर जात नाहीत.

ठरल्या सकाळी फोटोवाली आली. आधी, नणंदेचं मन राखायला, तिनं हॉलमध्ये दिवाणावर चार-दोन फोटो काढले. सासूबाई शेजारी, नणंद मागं, नवरा कडेला. "हस की जरा," नणंद म्हणाली. "पोटावर हात ठेव," सासूबाई म्हणाल्या. "असा नाही, असा." धाकटी हसली. हसणं तिला आता इतकं अंगवळणी पडलं होतं की ओठ सांगितल्यासारखे वर जायचे.

मग सगळी वरात मागच्या खोलीत गेली. फोटोवालीनं धाकटीला पलंगाच्या कडेला बसवलं, पाठीशी लोड दिला, पाय स्टुलावर. "खिडकीकडे पूर्ण वळू नका, अर्ध्या वळा. एक हात वर, एक पोटाखाली. खांदे सोडा. आता श्वास सोडा, हनुवटी थोडी खाली." पलीकडच्या बाजूला तिनं खुर्चीवर एक पांढरी चादर टांगली, म्हणजे खिडकीचा उजेड तिच्यावरून परत येऊन सावलीतला गाल उजळेल. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"ताई, तुमचा टॉप नारिंगी आहे."

"छान आहे ना?" नणंद म्हणाली.

"छान आहे, पण त्याचा रंग चादरीवर पडतोय आणि चादरीवरून यांच्या गालावर. तुम्ही बाहेर बसा. काकू, तुम्ही दारात उभ्या आहात, दार उघडं राहतंय, आणि हॉलमधली ट्यूब कोणीतरी परत लावलीय. ती आत येतेय."

"मी लावली. पोथी वाचायची होती," सासूबाई म्हणाल्या.

"वाचा की. मी दार लावते."

नवऱ्याबरोबरचे फोटो आधी आटोपले. तो मागं पलंगावर बसला, ती त्याला टेकली, त्याचे हात तिच्या हातांखाली. त्याला काय करायचं ते कळेना, तेव्हा फोटोवाली म्हणाली, "कॅमेऱ्याकडे बघूच नका. तिच्या कानात काहीतरी सांगा." त्यानं कानात सांगितलं, "आई चहा ठेवतेय." दोघं खरंच हसले. उभ्यानं एकच फोटो झाला, खिडकीच्या चौकटीला खांदा टेकून, वजन एका पायावर. धाकटीचे पाय भरून आले तशी फोटोवालीनं तिला लगेच बसवलं. मग नवरा पाण्याची बाटली भरायला गेला, आणि फोटोवालीनं दार लावून कडी घातली.

खोलीला आतून कडी लागल्याचा तो आवाज धाकटीनं किती दिवसांनी ऐकला. बाहेर सासूबाई काहीतरी विचारत होत्या, पण शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. फोटोवालीसुद्धा वाकून पिशवीत काहीतरी शोधत होती.

"आता डाव्या कुशीवर झोपा. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटाखाली हा टॉवेल, घडी करून. मान दुखत नाही ना? ओढ बसत असेल तर सांगा, फोटोसाठी दुखवून घ्यायचं नाही."

"नाही," धाकटी म्हणाली. पडद्यातून येणारा उजेड पांढरा होता, गजांच्या रेघा त्यात कुठंच नव्हत्या. बाळानं आत एकदा ढुशी दिली आणि तेही निवांत झालं. तिला एकदम रडू आलं, आणि ते पुसायला कोणी धावलं नाही, म्हणून ते आपलं आपण थांबलं. हात पोटावर होता तिथंच राहिला. तिचे डोळे मिटले ते फोटोसाठी नव्हे.

फोटोवालीनं एक फोटो काढला. मग कॅमेरा मांडीवर घेऊन ती स्टुलावर गुडघा चोळत बसून राहिली.

दाराबाहेरून सासूबाईंची हाक आली. "झालं का? किती वेळ?" फोटोवालीनं कडी काढली. सासूबाई आत आल्या, मागून बाटली घेऊन नवरा, त्याच्यामागं नणंद. सासूबाईंच्या हातात कुलूप होतं.

"चल, ऊठ हळूच. चादर काढून ठेवते, पांढरी आहे, मळेल. दिवाणावर पड जरा, चहा आणते."

धाकटी उठली नाही. आता नाही तर पुन्हा कधीच नाही, हे तिला नीट कळत होतं.

"आई, मी इथंच राहते."

"इथं? इथं कशी? रात्री काही झालं म्हणजे?"

"हाक मारीन."

"नाही ऐकू आली तर?" सासूबाई घाबऱ्याच झाल्या. "आणि थोरला आला म्हणजे त्याला कुठं ठेवू?"

नवऱ्यानं सवयीनं चार्जर शोधला. खोलीत चार्जर नव्हता. "आई," तो म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडून परत लावलं. "ती म्हणतेय तर राहू दे ना." आयुष्यात आईपुढं त्याच्या तोंडून निघालेलं हे बहुधा सगळ्यात धीट वाक्य असावं, पण सासूबाईंनी ते डासासारखं उडवून लावलं.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय? मी हिला डोळ्यात तेल घालून सांभाळलं, आणि आता शेवटी शेवटी मागच्या खोलीत टाकू? लोक काय म्हणतील? हॉलमध्ये काय कमी आहे तिला?"

कमी काहीच नव्हतं. हेच तर सांगता येत नव्हतं.

फोटोवाली पिशवी आवरत होती. ती या घरची कोणी नव्हती आणि मध्ये पडायचा तिचा स्वभावही नव्हता. "काकू, फोटो बघता का?" एवढंच ती म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा लावला. कॅमेऱ्याच्या मागच्या लहानशा काचेवर आधी हॉलमधले फोटो आले. "छान हसलीय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी काच जवळ घेतली. "हिचा हात बघ कसा." सगळ्या फोटोंत ओठ हसत होते आणि धाकटीची डावी मूठ दिवाणाच्या चादरीत गच्च आवळलेली होती. एकात, दुसऱ्यात, चारीत. सासूबाईंनी तिचे पाय रोज चेपले होते, पण मुठीकडे त्यांचं लक्ष गेलं नव्हतं.

पुढं सरकत सरकत शेवटचा फोटो आला. कुशीवर झोपलेली, उशीत अर्धा गाल, तोंड किंचित उघडं, हात पोटावर सैल पडलेला, बोटं उघडी.

"हा कशाला काढलात? डोळे मिटलेत."

"झोप लागली होती त्यांना."

"दिवसा?" सासूबाई म्हणाल्या. "दिवसा झोपतच नाही ती. रात्रीसुद्धा कधी बघावं तर जागी." रात्री उठून उठून आपणच बघायला जात होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. कॅमेरा त्यांनी बराच वेळ हातात धरला. नणंद काहीतरी बोलायला गेली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

"हाच पाठव थोरल्याला," शेवटी त्या म्हणाल्या. "खोली दिसतेय." त्यांनी कॅमेरा फोटोवालीला परत दिला. "वापरात आहे म्हणावं."

त्यांनी घडी केलेला स्वेटर पेटीवरून उचलला, कुलूप त्यात गुंडाळलं आणि दोन्ही काखेत धरून त्या बाहेर गेल्या. जाताना दार ओढून घेतलं, पण पूर्ण लागलं नाही. बोटभर फट राहिली. सवय ती, एका दिवसात कशी जाईल. नवरा फोटोवालीला सोडायला निघाला, नणंदही बाहेर पडली, आणि जाताना त्यानं ती फट नीट मिटवली.

धाकटी एकटी राहिली. पडदा हलत होता. मैदानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. तिनं कुशीवरच पडून आपल्या डाव्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली.

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. या घरात आजवर कोणी कोणाचं दार वाजवलं नव्हतं. हाक मारायची आणि आत यायचं, अशीच रीत होती.

"चहा आणलाय," बाहेरून सासूबाई म्हणाल्या. मग, जीभ अडखळल्यासारखं, "येऊ का गं?"

धाकटीच्या ओठांवर 'या ना' आलंच होतं. ते तिनं तिथंच थांबवलं.

"थोड्या वेळानं या, आई."

कपबशीचा बारीक आवाज झाला. मग सासूबाईंच्या सपाता हळूहळू स्वयंपाकघराकडे गेल्या, आणि धाकटीनं पाय लांब केले.